कंस नसलेलं वाक्य

नात समाजकार्याच्या कॉलेजात शिकते. तिचा प्रकल्प अहवाल मॅडमनी परत दिला. संदर्भयादीत कुठं साल लेखकाच्या नावापुढं, कुठं शेवटी, आणि काही विधानांना आधारच नाही. दुरुस्त केल्याशिवाय जमा होणार नव्हता.

मी चौथी शिकलेली. मजकुरात कंसातलं नाव नि साल मी वाचायची, ती यादीत शोधून खूण करायची. मग एक वाक्य आलं. दारूबंदीनंतर आमच्या गावात बायकांना होणारी मारहाण थांबली. पुढं कंस नव्हता.

"हे कुणी सांगितलं?"

"पप्पांनी."

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, दारातच उभा. सून ओट्यापाशी. त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं होतं, आळेफाट्याच्या दवाखान्यात घातलेले टाके अजून ओले होते.

"खोड ते," मी नातीला म्हटलं.

"लिवलंय त्ये राहू दे. गावाची लाज काढती का?" म्हणत तो कागद ओढायला लागला. नातीनं सोडले नाहीत. त्यानं तिच्या थोबाडीत मारली, ओठ फुटला. मी लाटणं उचलून त्याच्या मनगटावर घातलं.

"आये, हात मोडला माझा."

"मोडू दे. तुझ्या बायकोचा दोनदा मोडलाय."

तो शिव्या देत बाहेर गेला. नातीनं ओठ पुसला.

"मम्मी, तुझी मुलाखत लिहू? नाव टाकत नाही."

सुनेनं टाक्यांवरचा पदर मागं सारला. मग म्हणाली, "लिव्ह. टाक्यांचं बी लिव्ह."

नातीनं जुनं वाक्य खोडलं. नव्यापुढं कंसात लिहिलं, वैयक्तिक मुलाखत. अशी मुलाखत यादीत घेत नाहीत, मजकुरातच ठेवतात, असं ती म्हणाली.