पावती न मोडता

परंड्याहून सोनारीकडं जाणाऱ्या रस्त्यातले चार मैल श्रीपतीचे होते. म्हणजे सरकारचेच, पण बांधकाम खात्यात मैलमजूर असलेल्या माणसाला आपले मैल आपलेच वाटतात. बहात्तरच्या दुष्काळात तो याच रस्त्यावर खडी फोडायला आला. दुष्काळ सरला, बाकीचे आपापल्या गावी परतले आणि श्रीपती खात्यात चिकटला. खड्डा बुजवावा, साइडपट्टीवर मुरूम टाकावा, काळभैरवाच्या जत्रेला गाड्या येण्याआधी रस्त्यात आलेल्या बाभळी छाटाव्यात. पगार लहान आणि माणूस सरळ. सगळं गाव त्याला सरळ म्हणायचं, आणि पुढं त्याला नेमका हाच शब्द टोचू लागला.

त्याची बायको बनाबाई जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात आया होती. ऐंशी साली काविळीनं गेली. तिच्या फंडाचे वगैरे मिळून सहा हजार रुपये हातात आले, तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी श्रीपतीला परंड्याच्या बँकेत नेलं आणि पैसे मुलीच्या नावावर, त्रेसष्ट महिन्यांच्या मुदतीनं ठेवायला लावले. पाच वर्षांवर मुदत गेली की व्याज चढं, म्हणून हे त्रेसष्टचं गणित. चंद्रप्रभा तेव्हा तेरा वर्षांची. पावतीवर तिचं नाव, त्याखाली ‘पालक : वडील’. श्रीपतीनं ती पावती बनाबाईच्या लुगड्याच्या घडीत घालून पेटीच्या तळाला ठेवली. वर्षातून एकदा पेटी झाडताना पाहायची आणि परत ठेवायची.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात थोरला भाऊ आबाराव ओसरीवर येऊन बसला. तालुक्यात नवी दूध संस्था निघाली होती. तिथं आबारावाच्या ज्ञानोबाला चिकटवायचा तर एका संचालकाला साडेतीन हजार पोचवायचे होते. लाच म्हणायचं नाही, देणगी म्हणायचं. आबारावाजवळ देणगी नव्हती, पण धाकट्या भावाच्या पेटीत काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

“मोड की ती पावती,” तो म्हणाला. “पोरगी म्हंजी परक्याचं धन. ज्ञानबा आपल्या रगताचा हाय. तुला ल्योक न्हाय, उद्या तुला खांदा द्याया तोच येनार.”

“बनीचा पैसा हाय त्यो.”

“मग काय बनी मागाया येती व्हय?”

श्रीपतीला राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट आपल्याला मुलगा नाही ही गोष्ट भावानं अशी बोलून दाखवल्यावर तोच खाली मान घालून बसला. दर पौर्णिमेला विहारात बसून ‘पोरी शिकवा’ म्हणणाऱ्याला टाळ्या वाजवणारा हा माणूस; पण टाळ्या वाजवायला पैसे पडत नाहीत. पंधरा दिवस आबाराव रोज आला. सोळाव्या दिवशी श्रीपती ‘व्हय’ म्हणाला.

चंद्रप्रभा त्याच महिन्यात मॅट्रिक पास झाली होती, शाळेत पहिली. लातूरच्या कॉलेजात जायचं म्हणून ती रोज विचारायची आणि बाप रोज ‘बघू’ म्हणायचा. श्रीपतीला सहीपुरतं येत होतं, कागद वाचता येत नव्हते. म्हणून बँकेत तो तिलाच घेऊन गेला. “येक काम हाय, कागूद वाचाया चल,” एवढंच सांगितलं. आबाराव एस. टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून राहिला.

बँकेतले अधिकारी राघवेंद्र जोशी, तुळजापूरकडचे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पावती उलटसुलट पाहिली.

“मोडायची? तीन वर्षं काढलीत की हो श्रीपतराव. आता मोडलीत तर त्रेसष्ट महिन्यांचं व्याज मिळणार नाही. जेवढे महिने भरले तेवढ्या मुदतीचा दर, आणि त्यातूनही दंड कापला जाईल. मोडता कशाला? हिच्यावर कर्ज घ्या. पाऊण रकमेपर्यंत देतो. ठेवीला दहा टक्के मिळतायत ते मिळत राहतील, कर्जाला बारा पडतील. पावती आमच्याकडं तारण राहील. कर्ज फेडलंत की पावती परत.”

“म्हंजी पावती मोडत न्हाय?”

“शाबूत राहते.”

श्रीपतीला इतकं हलकं वाटलं की त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पावती शाबूत आणि पैसा हातात! बनाबाईच्या पैशाला आपण शिवतच नाही, शिवते ती बँक. माणसाला पाप करताना एवढीशी पळवाट मिळाली की पुरते, आणि श्रीपतीला ती सरकारी शिक्क्यासह मिळाली होती.

“पण एक आहे,” जोशी म्हणाले. “ठेव अज्ञानाच्या नावावर आहे. अठरा पुरी नाहीत ना हिला? तेव्हा कर्जाचे पैसे हिच्याच हितासाठी लागणार असतील तरच देता येतात. तसं पालकानं लिहून द्यायचं. मोडली असती तरी हे लिहावंच लागलं असतं. लिही पोरी, मी सांगतो.”

चंद्रप्रभानं दौत-टाक असल्यासारखं जपून बँकेचं बॉलपेन हातात घेतलं. जोशी सांगत गेले, ती लिहीत गेली : सदर कर्जाची रक्कम मी माझी अज्ञान मुलगी चंद्रप्रभा हिच्या हितासाठीच खर्च करीन, अन्य कोणत्याही कारणासाठी करणार नाही. कारण...

“कारण काय घालायचं?” जोशींनी विचारलं.

श्रीपतीनं टोपी चुरगळली. ज्ञानोबाचं नाव काढणं शक्य नव्हतं. जावं उठून घरी, हेही मनात आलं. पण हॉटेलात आबाराव बसलेला. घसा खाकरून तो म्हणाला, “शिक्शनासाटी.”

पोरीचं पेन थांबलं. तिनं मान वर केली.

“लातूरला, दादा?”

श्रीपती चुरगळलेली टोपी मांडीवर सरळ करू लागला. जोशी हसले आणि म्हणाले, “लातूरलाच तर. बाप म्हणायचा तो असा!” चंद्रप्रभाचे डोळे भरून आले. तिनं ते पदर नसलेल्या खांद्याला पुसले आणि ‘शिक्षणासाठी’ हा शब्द इतक्या वळणदार अक्षरात लिहिला की शाळेच्या फळ्यावरही कधी तसा लिहिला नसेल. मग तिनं बापाच्या सहीच्या जागी बोट ठेवलं. श्रीपतीनं त्या बोटाशेजारी आपलं नाव काढलं. तिकीट चिकटवून पावतीच्या पाठीवर सही, वचनचिठ्ठीवर सही. जितक्या वेळा सही केली तितक्या वेळा पोरीचं बोट जवळ होतं, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं की ही जमीन आता दुभंगली तर बरं. जमिनी अशा वेळी दुभंगत नाहीत.

साहेबांनी खात्यात तांबड्या शाईनं तारणाची नोंद केली. पितळी बिल्ला मिळाला, नंबर पुकारला गेला, चार हजार हातात आले. अर्जात आकडा तेवढाच घातला होता : साडेतीन देणगीचे आणि पाचशे वरखर्चाला.

रस्ता ओलांडताना श्रीपती मनात वाक्यं जुळवत होता. पोरीला आधी घरी धाडावं, मग आबारावाच्या हातात पैसे द्यावेत. पण चंद्रप्रभा त्याच्या पुढं धावली. हॉटेलाच्या पायरीवरूनच ओरडली, “काका! दादांनी माज्या शिक्शनासाटी बँकेचं कर्ज काडलं! आईची पावती बी न्हाय मोडली!”

हॉटेलात दहा-बारा माणसं होती. ओळखीचीच सगळी. कुणी तरी ‘जयभीम श्रीपतदादा’ म्हणून जागा केली, कुणी ‘शाबास’ म्हणालं. आबारावानं मात्र कप बशीत ठेवला.

“व्हय का रं, श्रीपती?”

आता दोनच वाटा होत्या. ‘न्हाय’ म्हटलं तर पोरीसमोर, बँकेसमोर, साऱ्या हॉटेलासमोर खोटा. ‘व्हय’ म्हटलं तर भावासमोर खोटा. श्रीपतीनं पोरीकडं पाहिलं. तिचा चेहरा पाहून तो म्हणाला, “व्हय.”

त्यात शौर्य काही नव्हतं. बारा जणांसमोरची लाज आणि एकट्या भावासमोरची लाज यांतली त्यानं लहान लाज निवडली, इतकंच. आबाराव चहा अर्धा टाकून उठला. दोन वर्षं त्यानं धाकट्याच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नाही. ज्ञानोबाच्या जागी दूध संस्थेत दुसराच कुणी लागला.

चंद्रप्रभा लातूरला गेली. श्रीपती दर पगाराला बँकेत जाऊन हप्ता भरायचा, ऊन असो, पाणी असो. सणाला कापड घेतलं नाही, बिडी सोडली. लोकांना वाटायचं, पोरीसाठी झिजतोय. तो दंड भरत होता. पंच्याऐंशीत मुदत भरायच्या आत कर्ज फिटलं, पावती मोकळी झाली. तोवर चंद्रप्रभाला अठरा पुरी झाली होती. ठेवीचे सगळे पैसे, व्याजासकट, तिनं स्वतःच्या सहीनं उचलले आणि नर्सिंगच्या शिक्षणाला लावले. एकोणनव्वदला ती सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली. आई जिथं आया होती, त्याच दवाखान्यात.

आणि मग ती गोष्ट सुरू झाली. घरी कुणी आलं, की चंद्रप्रभा सांगायची. दवाखान्यातल्या बाया, विहारातली मंडळी, तिला पाहायला आलेले पाहुणे, सगळ्यांना. आमच्या दादांना लिहाया येत नव्हतं, तरी बँकेत जाऊन माझ्यासाठी कर्ज काढलं. काकांशी वाईटपणा घेतला. लोक श्रीपतीकडं बघायचे आणि तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायचा. ‘किती सरळ माणूस!’ म्हणायचे. त्याला वाटायचं, कुणी तरी मुस्काटात मारावी.

एका संध्याकाळी ती भाकरी थापत होती. श्रीपती चुलीशी येऊन बसला आणि म्हणाला, “चंद्रे, त्यो पैसा ज्ञानबाच्या नोकरीसाटी काडला हुता. तू हॉटेलात बोललीस म्हनून तुला मिळाला. न्हायतर आबारावाला देनार हुतो म्या.”

तिचा हात थांबला. भाकरी तव्यावर करपली, घरात वास भरला. तिनं ती उलथ्यानं उचलून बाजूला टाकली आणि पिठाचा दुसरा गोळा घेतला. भाकरी झाल्यावर बापाला वाढलं, रोजच्यासारखंच. श्रीपतीला वाटलं, सुटलो.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्यातली नवी सिस्टर महानंदा घरी आली. चहा पिताना तिनं कौतुकानं विचारलं, “खेड्यातली पोर तू, कशी गं शिकलीस?”

श्रीपती सवयीनं खाली बघू लागला. अंगठा जमिनीवर टेकला, मान गेली. आता ती सांगणार, आणि आपण ऐकायचं.

“आईच्या पैशावर,” चंद्रप्रभा म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.