समान वजनाच्या पाटल्या

आळीत तिला सगळे तराजूबाई म्हणत, आणि तिला ते आवडे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिनं उभी हयात वाढण्यात घालवली, पण श्रीमंताच्या पोराला तिनं कधी डाव जास्त दिला नाही. घरीही तेच. धाकटी सून आली, तेव्हा तिनं आपल्या सोन्याच्या दोन जोड्या बाहेर काढल्या. एक जाड पाटल्यांची, एक बारीक. शेजारच्या किराणावाल्याकडे वेलदोडे तोलायच्या काट्यावर त्या ठेवल्या. दोन्ही अगदी सारख्या भरल्या. मग थोरलीला म्हणाली, "आधी तू उचल." थोरलीनं जाड जोडी घेतली. तराजूबाई त्या रात्री शांत झोपली.

आज थोरलीला शिलाई मशीन घ्यायचं होतं, म्हणून दोघी सराफाकडे आल्या होत्या. त्यानं पाटली काचेवर हलकेच आपटली. आवाज बसका आला.

"आजी, आत लाख भरलीय," तो म्हणाला. "वरचा पत्रा तेवढा सोन्याचा. काट्यावर चाळीस ग्रॅम दिसतात, पण सोनं निम्मंच निघेल असा अंदाज आहे. नक्की कळायला तापवून लाख काढावी लागेल, म्हणजे पाटली मोडलीच. मग नुसत्या सोन्याचं वजन करायचं आणि त्यातून डागाची, म्हणजे जोडाला लावलेल्या झाळेची, आणि वितळवण्याची घट वजा."

"आणि बारीक असतात त्या?" तिनं विचारलं.

"भरीव असतील तर त्यांत लाख कुठली? घट जाईल तेवढीच."

तराजूबाई थोरलीकडे वळली. जन्मभर जपलेला न्याय, आणि नेमका घरातच फसला. "मी तुला लाख दिली गं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "धाकटीकडून परत मागते."

"काही मागायचं नाही, आई." थोरली हसली. "मला तेव्हाच कळलं होतं. हातात घेतल्या तेव्हा एकमेकींवर वाजल्याच नाहीत."

"मग घेतल्यास कशाला?"

"ती नवी होती. तिची आई नुकतीच गेलेली. या घरातली तिची पहिली वाटणी, ती कमी कशाला पडावी?"

तराजूबाईनं सराफाकडून साबणाचं पाणी मागून घेतलं आणि पहिल्या पगारातून केलेली अंगठी बोटातून ओढायला लागली. थोरली नको नको म्हणत राहिली. सांध्यावर कातडी सोलली, तेव्हा कुठे ती निघाली.

"ही भरीव आहे," ती सराफाला म्हणाली. "पाटल्यांच्या सोन्यात हिचंही धर."

तराजूबाईनं ओल्या हातानं तिचा हात धरला.

"धाकटीला सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "आयुष्यात एकदाच झुकतं माप देतेय."