बावीसचं ॲव्हरेज

कोल्हापुरात माणसाला पगार विचारला तर तो एकवेळ खरा सांगेल, पण गाडीचं ॲव्हरेज कधीच सांगणार नाही. माझ्या शेजाऱ्याची गाडी एकवीस देते म्हटल्यावर माझी बावीस द्यायचीच. गेली चार वर्षं ती बावीसच देत होती. खरा आकडा डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत होता. टाकी फुल करायची, चालवायची, पुन्हा फुल करायची आणि किलोमीटरला लिटरनं भागायचं. गावात नि डांबरी रस्त्याला पंधरा यायचं, घाटात नि कच्च्या रस्त्यावर दहा. वही मी कुणाला दाखवत नव्हतो.

त्या दिवशी सकाळी धाकटी बहीण शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात आली. मलकापूरच्या पुढे जंगलात तिच्या सासरचं गाव आहे. तिथे सासूला, तिच्या आत्तींना, धाप लागली होती आणि ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता. मेहुणे परगावी, नोकरीवर. मी दुकान सोडून जाऊ शकलो असतो, पण तीच म्हणाली, "तू नको, गाडीत आत्तींना आडवं करायला जागा पायजे." मी किल्ली दिली. तो एकवीसवाला शेजारी काउंटरपाशी चहा पीत बसला होता.

बहीण हुशार. निघण्याआधी तिनं बिलाच्या पाठीवर आकडेमोड मांडली.

"दादा, टाकी किती लिटरची?"

"पस्तीस. आत्ता बारा-एक असंल."

"लाईट कधी लागती?"

"पाच लिटर राहिलं की."

"आणि ॲव्हरेज?"

शेजाऱ्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बावीस."

तिनं बारातून पाच वजा केले. साताला बावीसनं गुणलं, एकशे चोपन्न. इथून मलकापूर पन्नास, तिथून गाव पंचेचाळीस, परत मलकापूरपर्यंत पंचेचाळीस, एकूण एकशे चाळीस. "म्हंजे लाईट लागायच्या आत मलकापूरला येती की. येतानाच भरीन, जाताना थांबत न्हाई," ती म्हणाली आणि गेली.

तिचा हिशेब चोख होता. चुकलेला आकडा फक्त माझा होता. शेजारी बसून राहिला तोवर मी गप्प बसलो. मलकापूरपर्यंत फोन लागतो हे मला ठाऊक होतं. तिथे पंप आहे हेही ठाऊक होतं. त्याच्यासमोर फोन करून "अगं, घाटात दहाच देती" म्हणायला माझी जीभ रेटेना. तो उठला तेव्हा तास-सव्वातास होऊन गेला होता. मी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

मग मी कागदावर खरा हिशेब केला. मलकापूरपर्यंत सव्वातीन लिटर, पुढे गावापर्यंत साडेचार. म्हणजे गावात पोचतानाच लाईट लागलेली, टाकीत सव्वाचार उरलेले. परतीला साडेचार हवेत, आणि ती दिव्याला घाबरणार नाही, कारण दिवा लागल्यावरही पाच लिटर आहेत, बावीसनं एकशे दहा जाईल, असंच तिला वाटणार. तीन-चार किलोमीटर कमी पडणार होते. दोनदा बेरीज केली, दोन्ही वेळा तेच आलं.

मलकापुरातल्या एका गिऱ्हाइकाला फोन केला. तो म्हणाला, "बाटलीत पेट्रोल देत न्हाईत हो इथं. बघतो कुणाच्या गाडीतनं काढता येतंय का." मी दर पाच मिनिटांनी बहिणीला फोन लावत होतो. असा हतबल मी आयुष्यात झालो नव्हतो, आणि त्यात दुसऱ्या कुणाचा काडीचाही दोष नव्हता.

दुपारी तिचा फोन आला, मलकापूरच्या दवाखान्यातून. गाडी शेवटच्या चढाला बंद पडली होती. पाऊण तास रस्त्यावर थांबल्यावर एक दुधाची गाडी मिळाली. माझं गिऱ्हाईक पेट्रोल घेऊन निघालं तेव्हा त्या दोघी दवाखान्यात पोचल्या होत्या.

सासू तिसऱ्या दिवशी गेल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी फार झालं होतं, तासभर आधी आणलं असतं तरी सांगता येत नाही. ते सांगता येत नाही हेच माझ्यामागे लागलं आहे.

दहाव्याला सगळे बसले होते. कुणीतरी विचारलं, गाडी कशी काय बंद पडली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बहीण म्हणाली, "दादाची गाडी चांगली हाय. बावीस देती. आत्तींना गुदमरतंय म्हणून मीच एसी फुल लावला, त्यानं पेट्रोल खाल्लं." आणि ती रडायला लागली.

शेजारी माझ्या बाजूलाच बसला होता. मी म्हणालो, "एसीनं खातंय जरा."