कोपरावर गुंडाळलेली वायर

“पोटच्या पोरीला चारचौघांत बोललीस, वर टीममधूनही काढलंस. तुला त्यात काय मिळालं?” सासूबाईंनी आमटीचं भांडं जरा जोरातच टेबलावर ठेवलं.

सून शाळेत संगीत शिकवायची. नियम सगळ्यांना सारखे, असं ती म्हणाली. स्नेहसंमेलनात समूहगान ऐन रंगात असताना माईक खरखरून बंद पडला होता. ध्वनिटीमची प्रमुख तिचीच लेक. वायर तपासली होती, असं लेक पुन्हा पुन्हा सांगत होती. पण बाईंनी मुलीला पाठीशी घातलं, असं कुणी म्हणायला नको, म्हणून आईने तिला दुप्पट सुनावलं. तेव्हापासून लेक खोलीत होती.

“तूही जरा अतीच करतेस,” नवरा पेपराआडून म्हणाला आणि पुन्हा पेपरात शिरला.

तिने कागद पुढ्यात ओढला. टीमसाठी सूचनांचा कागद लिहायचा होता, म्हणून ती बंद पडलेल्या माईकची वायर आणि माईकचा एक स्टँड घरी घेऊन आली होती. तिने लिहिलं: स्टँडची उंची बदलताना आधी पकड सैल करा, जोर लावून पिळू नका. ठेवताना पाय मिटा, वायरवर स्टँड ठेवू नका. वायर हातात सैल घ्या. एक वेढा सरळ, पुढचा आतून उलटा घाला, म्हणजे पीळ बसत नाही. पट्टीने बांधून खुंटीला टांगा. कोपराभोवती गुंडाळू नका.

इथे पेन थांबलं.

तिने रियाजाच्या स्पीकरचा आवाज बंद केला, त्याला ती वायर आणि घरचा माईक जोडला, मग आवाज हळूहळू वाढवला. बोलून पाहिलं, ठीक. माईकजवळचं टोक हलवलं, ठीक. दुसरं टोक हलवताच खरखर, मग शांतता. माईक तोच ठेवून घरातली दुसरी वायर लावली, दोन्ही टोकं हलवली. आवाज स्वच्छ.

रंगीत तालमीनंतर लेक हीच वायर तपासून नीट गुंडाळत बसली होती. बस सुटेल म्हणून आईनेच ती तिच्या हातातून ओढून घेतली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी कोपरावर आवळली होती, गाठ मारून स्वतःच्या सामानाच्या पेटीत कोंबली होती. आणि कार्यक्रमात, लेक रंगमंचाच्या दुसऱ्या बाजूला असताना, घाईघाईने न तपासता जोडलीही होती तिनेच.

“काय गं, काय झालं?” सासूबाईंचा आवाज खाली आला होता.

लेकीची ‘मी तपासली होती’ ही तीन शब्दांची तक्रार तिने एकदाही धड ऐकून घेतली नव्हती. ती उठली, खोलीचं दार उघडलं, आणि आतल्या मुलीला आणि बाहेरच्या दोघांना एकदमच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“वायर मी खराब केली. उद्या प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर मी तसं सांगणार आहे. टीमची प्रमुख पुन्हा हीच असेल, आणि माझी सामानाची पेटी यापुढे हीच तपासेल.”