बॉयलरची शुद्ध मराठी

"ही जागा खाली काहून सोडली?"

"तुमचं उत्तर नाही ना सर, म्हणून."

"आहे उत्तर. रेकॉर्डिंग पुन्हा ऐका."

"ऐकलं. 'सिच्युएशन बघून ॲडजस्ट करून घ्या.' एवढंच आहे."

"मग त्याचीच शुद्ध मराठी करा. 'परिस्थितीनुसार योग्य निर्णय घ्यावा.' झालं."

तृप्तीने मान डोलावली. बोटं मात्र कीबोर्डवर गेली नाहीत.

आसगावची तृप्ती मराठीत एमए. भंडाऱ्यात कचेऱ्यांसमोरच्या टायपिंगच्या दुकानात बसते. लोक बोलतात सरमिसळ आणि कागद मागतात शुद्ध. मधलं सगळं तिच्या अंगावर. भूपेश सरांनी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये बॉयलरवाल्यांना ट्रेनिंग दिलं, त्याचं रेकॉर्डिंग तिच्याकडे आलं. त्यातून सूचनापत्रक करायचं होतं, बॉयलरजवळ भिंतीवर लावायला.

'बेसिकली' आणि 'ओके?' तिने न विचारता काढून टाकले. सर एका ठिकाणी म्हणाले होते, "ग्लासमध्ये वॉटर लेव्हल दिसली नाही तर फीड पंप ऑन... सॉरी, ऑन नाही करायचा, बॉयलर तापलेला असला तर फुटेल. फर्स्ट फायर बंद." तिने लिहिलं: 'गेज ग्लासमध्ये पाण्याची पातळी दिसत नसल्यास प्रथम आग बंद करावी. पाण्याचा पंप सुरू करू नये. तापलेला बॉयलर फुटू शकतो.' गेज ग्लास तसाच ठेवला. मिलमध्ये त्याला काचनळी म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता.

त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये मागून एक आवाज येत होता, "सर, पण आगीत भुसा टाकणं बंद केलं तं मालक ओरडते. मंग काय करावं?" तो तिच्या धाकट्या भावाचा, अश्विनचा आवाज होता. तिने पत्रकात लिहिलं: 'एका कामगाराचा प्रश्न.' त्याखाली 'उत्तर', आणि पुढे काही नाही.

"मॅडम, तुम्ही टायपिस्ट आहात की ट्रेनर?"

"टायपिस्टच. म्हणून तं मनचं नाही लिहिलं. लिहिलं असतं तं 'मालक ओरडला तरी आग बंदच करावी' असं लिहिलं असतं."

"पत्रक मालकालाच द्यायचंय. तो लावेल का हे?"

"तुम्ही बोलले तेव्हा पोरं हसली, गोष्ट तिथंच संपली. पण भिंतीवर 'योग्य निर्णय घ्यावा' लागलं का तो नियम होते, सर. उद्या काही झालं तं म्हणतीन, निर्णय भुसा टाकणाऱ्यानं घेतला होता."

"तुमच्या घरचं आहे का कोणी तिथं?"

"माझा भाऊ आहे. नाही असता तरी जागा खालीच राहिली असती."

तिने फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"आता सांगून द्या, सर. मालक ओरडला तर आग बंद करायची का चालू ठेवायची? जसं बोलाल तसंच लिहिते, तुमच्या नावानं."

सरांनी फोनकडे पाहिलं. बॅगेची चेन लावली, बॅग खांद्याला अडकवली आणि पायऱ्या उतरून रस्त्याला लागले.