तीन रुपयांची झेरॉक्स, पाच रुपयांचं स्कॅन

पुष्पाताईला 'भाव वाढव' सांगणं म्हणजे तिला उघड्यावर नाचायला सांगण्यासारखं. बोईसरच्या नवापूर नाक्याजवळ तिचं सायबर कॅफे हाय. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक जुनं मोठं झेरॉक्स मशीन आणि मी. मी अकरावी अर्ध्यात सोडली. ताईने मला कधी विचारलं नाय की का सोडलीस. फक्त म्हणाली, "दिशा, हे स्टार्ट बटण, हा ट्रे. हात भाजू नको." तेव्हापासून तिला कोण वाकडं बोललं की मी आधी उठते.

ताई किनाऱ्यावरच्या दांडी गावची सून. नवरा वामन मासेमारीच्या बोटीवर जातो. दांडी, नवापूर, उच्छेळीची माणसं बोईसरला कामाला आली की तिच्याकडेच येतात. कोण चुलतसासू, कोण नणंदेची जाऊ. त्यांच्याकडून जास्त कसं घ्यायचं? म्हणून सहा वर्षं एकच भाव: झेरॉक्स दोन रुपये, प्रिंट पाच, स्कॅन पाच, गठ्ठा असेल तर पान एक रुपयाला.

मग कागदाचा भाव चढला. पाचशे कागदांची रीम दोनशे पंधराची दोनशे ऐंशी झाली. टोनरची बाटली सहाशेची साडेआठशे. ताईने दोन महिने दात आवळून काढले. तिसऱ्या महिन्यात तिने मला बसवून सांगितलं, "या महिन्यात पण घरातनं पैसे घालायला लागले, तर मशीन विकते आणि एमआयडीसीत पॅकिंगला जाते. तुझं पण तिथंच बघू."

मला पॅकिंग नको होतं, आणि ताईला तर त्याहून नको होतं. ती काउंटरवर असली की राणी वाटते.

मशीन बघायला सुजित आला. पालघरला जुनी मशीनं घेतो, विकतो, टोनर पण तोच देतो. त्याने आमचा काउंटर वाचला. काउंटर म्हणजे मशीनने किती पानं काढली त्याचा आकडा. मग त्याने ताईची वही मागितली. टोनर बदलला की ताई आकडा लिहून ठेवते, ती सवय चांगली.

"बाटलीला तीन हजार पानं यायला पाहिजेत, ताई. तुमाला तेराशे येतात. मशीन बिघडलंय असं बोलून मी अर्ध्या किमतीत घेऊ का?"

"बिघडलं नाय!" मी बोलले.

"मग एक आधार कार्ड काढून दाखव."

मी कार्ड काचेवर ठेवलं, बटण दाबलं. पान आलं. मधे कार्ड, बाकी सगळं काळंकुट्ट.

सुजितने पान वर धरलं. "झाकण?"

झाकण उघडंच होतं. मी ते कधी लावतच नाय. कार्डाची एक बाजू काढली की लगेच उलटायचं, परत झाकण कोण उचलणार? पासबुक, रेशनकार्ड, सगळं तसंच. गिऱ्हाइकं तर म्हणायची, काळ्यात कार्ड उठून दिसतं.

"एका काळ्या पानात साधी दहा-पंधरा पानं निघतात," सुजित म्हणाला. "तुमी वर्षभर शाई फुकट वाटली."

माझं तोंड पडलं. वाटलं ताई आता हाकलणार. ताई त्या पानाकडे बघत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. हसत होती! डोळ्यांतून पाणी.

"दिशे, अगं आपण दोन रुपयांत रात्र विकत होतो!"

सुजित पण हसला. ताई त्याला म्हणाली, "भाऊ, महिना संपू दे. मग सांगते."

झाकण लागलं. टोनर पुरायला लागला. पण कागद काय स्वस्त झाला नाय. मी हिशेब मांडला: कागद छप्पन्न पैसे, टोनर अठ्ठावीस, सर्व्हिस आणि लाईट तीसेक. एका पानाला एक रुपया चौदा पैसे. म्हणजे गठ्ठा एक रुपयाने काढला की प्रत्येक पानाला चौदा पैसे आमचे जातात. वर गाळ्याचं भाडं वेगळं.

ताईने डोळे मिटून बोर्ड लिहिला: झेरॉक्स तीन, प्रिंट सात, स्कॅन दहा. आणि दुसऱ्या दिवशी काउंटरखाली लपल्यासारखी बसली.

कंपनीतली पोरं "दीदी, सामने दो में है" बोलून गेली. ताईचा हात खडूकडे गेला. मी खडू खिशात टाकला.

मग दांडीच्या बाया आल्या. सोळा जणी, पुढे ठकीआत्या, वामनभाऊची आत्या. बँकेत बचत गटाचे कागद द्यायचे होते: प्रत्येकीच्या आधार-पासबुकची झेरॉक्स, आणि फोटो स्कॅन करून. आत्याने बोर्ड वाचला आणि कमरेवर हात ठेवला.

"काय गो पुष्पे, सोन्याचं कागद हाय काय?"

"आत्ये, कागद महाग झाला," ताई पुटपुटली.

"मंग झेरॉक्सला तीन घे. मासं महाग तर आमी पण महाग विकतो. पन हे स्कॅन?" आत्याने बोर्डावर बोट आपटलं. "यात कागद लागतं?"

"नाय."

"शाई?"

"नाय."

"मंग याचं भाव का वाढलं? मीठ महागलं तर खारं मासं महाग होतं, ताजं नाय. मला येडी समजते काय!"

बाया खिदळल्या. ताईने माझ्या खिशातून खडू काढला आणि दहा पुसून पाच केले.

मला तिथंच सुचलं. "ताई, आधारच्या दोन्ही बाजू एका पानावर, पासबुक मागच्या बाजूला. दोन बाजूंना कागद एकच लागतो. दोन्ही बाजूंचे सहाऐवजी पाच घे. गठ्ठा असेल तर एका बाजूचा सव्वा रुपया, पण दोन्ही बाजूंनीच."

ताईने लिहिलं. आत्याने वाचलं आणि लगेच हात पुढे केला. "पाच नाय, चार. सोळा जणी हाय आमी."

मला वाटलं, गेली ताई. सहा वर्षं ती इथंच वितळायची. पण ती उभी राहिली आणि आत्याच्याच सुरात बोलली, "आत्ये, लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी पापलेट घेतलेलं तुझ्याकडून. रुपया कमी केलास? सुनेला?"

एक बाई ओरडली, "बरं मारलान गो!" आणि सोळाच्या सोळा जणी हसत सुटल्या. सगळ्यात मोठ्याने आत्या.

"दे पाच," आत्या म्हणाली. "पन काळं नको हां काढू. गेल्या टायमाला माझं थोबाड दिसलंच नाय बँकवाल्याला."

त्या दिवशी झाकण मी दोन हातांनी लावलं. पासबुकाच्या शिवणीवर दाबून.

बातमी किनाऱ्याने फिरली की पुष्पीकडे स्कॅन पाचलाच हाय आणि कागद साफ निघतो. कंपनीतली पोरं पण परतली, कारण समोरच्याकडे दोन रुपयांत आधारचा नंबर वाचता येत नव्हता. क्लासवाल्या प्रियदर्शिनी मॅडमने नोट्सचा सहाशे पानांचा गठ्ठा दिला, दोन्ही बाजूंनी. तीनशे कागद. त्यात पण आमचं सुटलं.

महिना संपला. घरातनं एक पैसा घालायला लागला नाय. भाडं देऊन ताईच्या हातात उरलं. फार नाय, पण उरलं. सुजित आला, मशीनवर हात फिरवत म्हणाला, "मग ताई, उचलू?"

"हात काढ," ताई म्हणाली. "टोनरच्या दोन बाटल्या दे."

"सतराशे."

"सोळाशे."

"ताई, परवडत नाय."

"मला पण परवडत नव्हतं. तरी मी इथंच हाय," ताई म्हणाली आणि सोळाशेच मोजून त्याच्यासमोर ठेवले.