रूम टेंपरेचर पंचवीस

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या पुढच्या वर्षी मी डिचोलीच्या एका उच्च माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे नोट्स सांगत होतो. पोरं लिहून घेत होती आणि पगार वेळेवर होत होता. आणखी कुणाला काय हवं असतं?

स्टाफरूममध्ये तेव्हा एकच विषय होता, मराठी की कोंकणी. सकाळी दोन सर तावातावाने भिडायचे, दुपारी दुसरे दोन. टकरी अखंड चालू, आणि निष्पन्न काय? चहाचे कप. मी सावंतवाडीकडून आलेला, दरवर्षी नेमणूक नव्याने होणारा माणूस, त्यामुळे मूग गिळून बसायचो. तोंड उघडायचो ते प्रयोगशाळेत. तिथे मात्र माझ्या रागाला मोकळं रान होतं.

आमच्या प्रयोगशाळेला वर पत्रे होते. मार्च उजाडला की त्या पत्र्यांखाली माणूस नुसता शिजायचा. आणि तिथे मी वर्षाच्या पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं होतं, ‘रूम टेंपरेचर = २५°’. का? पुस्तकात होतं म्हणून. डिचोलीत पंचवीस अंश कधी असतात ते विचारायला पुस्तक लिहिणारा थोडाच आला होता! मी पोरांना बजावलं, “खोलीचं तापमान विचारलं की पंचवीस. थर्मामीटर फोडत बसू नका, शाळेकडे चारच आहेत.” सगळ्यांनी मान डोलावली. गुणी पोरं.

एक मुलगी सोडून.

ती इब्रामपूरहून यायची, दोन बस बदलून. बापाची थोडी शेती, घरात शिकलेलं कुणी नाही. बारावी झाली की पणजीला फार्मसीचा डिप्लोमा करायचा, एवढं एकच तिने धरून ठेवलं होतं. आणि तिला खोड होती मोजायची. पत्र्याखाली उभी राहून ती शांतपणे थर्मामीटर बुडवायची आणि जर्नलमध्ये लिहायची, ३१. मी लाल पेनाने ३१ खोडायचो, वर २५ लिहायचो आणि झोकात सही ठोकायचो. पुढच्या आठवड्यात ती लिहायची २९. पुन्हा माझं लाल पेन. वर्षभर हे चाललं. शेवटी शेवटी तर मला वाटायला लागलं की ही मला चिडवायलाच असं करते.

टकरींचा सिद्धांत शिकवला तेव्हाही हेच. मी नोट सांगितली, “तापमान वाढले की रेणू वेगाने धावतात, टकरी वाढतात, म्हणून अभिक्रियेचा वेग वाढतो.” तीन ओळींत धडा खलास! हिचा हात वर.

“सर, धा अंशांनी टकरी कितक्यो वाढतत?”

“वाढतात ना? मग झालं! परीक्षेत कितक्यो ते विचारत नाहीत.”

ती बसली. मला वाटलं, संपलं.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. गोऱ्या रंगाचे, इस्त्रीचे, पणजीच्या बाजूच्या एका कॉलेजातले. आल्या आल्या त्यांनी रुमालाने खुर्ची पुसली आणि छताकडे असं पाहिलं, जसे काही पत्रे मीच घातले होते. प्रयोग होता थायोसल्फेट आणि आम्लाचा. कागदावर फुली काढायची, तिच्यावर चंबू ठेवायचा, दोन्ही द्रावणं मिसळायची. आत गंधक तयार होऊन पाणी दुधाळ होतं आणि वरून बघता बघता फुली दिसेनाशी होते. तिला किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजायचं. मग द्रावणं दहा अंशांनी गरम करून पुन्हा तेच.

परीक्षकांच्या खिशात अपेक्षित उत्तराची चिठ्ठी होती. पंचवीस अंशांना सत्तर सेकंदांच्या आसपास. सगळ्या पोरांनी लिहिलं होतं, पंचवीस अंश, सत्तर सेकंद. कुणी अडुसष्ट, कुणी बहात्तर, तेवढीच कलाकुसर. दरवर्षी ही चिठ्ठी परीक्षकाच्या खिशातून पोरांच्या खिशात कशी उडी मारते ते देवाला ठाऊक आणि आमच्या शिपायाला.

इब्रामपूरवालीच्या कागदावर होतं, तेहतीस अंश, चाळीस सेकंद. त्रेचाळीस अंश, एकवीस सेकंद.

परीक्षक हसले. “चाळीस? ही रीडिंग्ज घरून लिहून आणलीस काय गो?” त्यांनी तिची जर्नल उघडली. पानापानांवर खोडलेलं तापमान, वर लाल २५ आणि खाली माझी सही. “हे बघ, तुझ्या सरांनी वर्षभर सुधारलं, तरी तुझं आपलं चालूच! प्रयोगाला शून्य.”

शून्य म्हणजे प्रात्यक्षिकात नापास, प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष बुडालं. त्या वर्षाबरोबर पणजीही गेली. हे तिलाही कळलं, मलाही कळलं. ती रडली नाही. ओढणीचं टोक तेवढं बोटाला गुंडाळत राहिली.

मग तोंडी परीक्षा. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं. ती अडखळली. “बरं, कोंकणी, मराठी, जे येतं त्यात सांग. तापमान वाढल्यावर वेग का वाढतो?”

“रेणू वेगान धावतत, टकरीय वाढतत,” ती म्हणाली. “पण थोड्योच. धा अंशांनी शंभरात दोनसुद्धा नाय. माझो वेळ मात्र निम्मो झालो. म्हणजे नुसत्या टकरींनी नाय.”

“मग कशाने?”

“आपटले म्हणून काय सगळे रेणू बदलत नाय. बदलूक एक ठरावीक जोर लागता. पुस्तकातली ऊर्जा धरून मी गणित केलंय. इतको जोर आसलेल्यो टकरी तेहतीस अंशांक अब्जात तीनेक. त्रेचाळीसाक त्योच पाच-साडेपाच. टकरी तितक्योच म्हटल्यार चलता, पण कामाच्यो जवळजवळ दुप्पट.”

तिची भाषा कुठली, मराठी की कोंकणी, हे ठरवायला आमच्या स्टाफरूमला आणखी एक राज्य मिळवावं लागलं असतं. पण उत्तर बिनचूक होतं. मी नोटमध्ये तीन ओळींत गुंडाळलेलं तिने लॉग टेबल घेऊन उलगडलं होतं. माझी मान खाली गेली ती तिथे.

परीक्षकांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. “म्हणजे जोर असला की झालं? जोराने आपटलं की प्रत्येक टक्कर यशस्वी?”

“नाय सर. तोंड नीट लागूक जाय.” ती एकदम थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग बोललीच. “ह्या कपाटाचा दार सर रोज कितक्या जोरान आपटतत! कडी बसत नाय. कडीचा तोंड कोयंड्याच्या समोर धरलां की हळू लोटल्यार पण बसता. तसाच रेणवांचा. जोर जाय आणि दिशाय जाय, दोन्ही लागतत. आणि दिशेचा तापमानाशी काय पडलेला नाय, ती वाकडी आसली की वाकडीच.”

मागे दोन पोरं फिस्सकन हसली. कपाट मी रोज आपटायचो हे खरंच होतं. वर्षभर त्या कडीशी मी भांडलो होतो आणि ही पोरगी तिच्यावरून ओरिएंटेशन फॅक्टर शिकून बसली होती. शाबास मास्तर!

परीक्षक माझ्याकडे वळले. “सर, हे तुम्ही शिकवलंत?”

“नाही,” मी म्हणालो.

अगदी खरं उत्तर. हरिश्चंद्रालाही हेवा वाटावा. मी शिकवलंच नव्हतं! पण ते ऐकून परीक्षकांनी समाधानाने पेन उचललं. शिक्षकच नाही म्हणतोय म्हटल्यावर पोरगी चूक, हिशोब मिटला. आणि ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही हो, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं थर्मामीटर वाचल्यासारखं.

माझं डोकं तडकलं. कुणावर ते विचारू नका.

“थांबा,” मी ओरडलो. “सर, ही चूक नाही. मी चूक आहे!”

शिपायाला बाजारात पिटाळलं बर्फ आणायला. त्या उन्हात बर्फ मिळणार कुठे? मासळीवाल्यांकडे. पंधरा मिनिटांत गोणपाटात गुंडाळलेली लादी आली, वर दोन बांगड्यांचे खवले चिकटलेले. प्रयोगशाळेत असा काही वास सुटला की परीक्षकांचा इस्त्रीचा रुमाल खुर्ची सोडून नाकाला गेला. मी बर्फ बादलीत टाकला, द्रावणाच्या बाटल्या त्यात उभ्या केल्या, आणि परीक्षकांच्याच हातात थर्मामीटर दिला. “पंचवीस झाले की सांगा. आमच्याकडे पंचवीस असे आणावे लागतात.”

पंचवीस झाले. मिसळलं. परीक्षक स्वतः घड्याळ घेऊन फुलीवर वाकले. चाळीस सेकंद झाले, फुली होती. पन्नास, साठ, होती. अडुसष्टाव्या सेकंदाला गेली.

“तुमची चिठ्ठी बरोबर आहे,” मी म्हटलं. “हिचे चाळीसही बरोबर आहेत. हे बघा, भिंतीवरचा थर्मामीटर. तेहतीस. खोटे आहेत ते बाकी सगळ्यांचे पंचवीस. ते मी लिहायला लावलेत. तिचं खोडलंय तेही मीच.”

परीक्षकांनी घड्याळ खाली ठेवलं. मग त्यांनी शून्य खोडलं. बाकीच्या पोरांच्या कागदांकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि अहवालाचा कागद पुढे ओढला. अहवालात काय लिहिलं ते मला पुढच्या जूनमध्ये कळलं, माझी नेमणूक नव्याने झाली नाही तेव्हा. तक्रार कसली करणार? त्या कागदावर तरी तापमान खरं होतं.

पण त्या दिवशी, सगळे गेल्यावर, ती जर्नल परत मागायला आली. मी लाल पेन घेऊन बसलो होतो. म्हटलं, बस, आज तुझे सगळे पंचवीस मी खोडून देतो, खरे आकडे सांग.

“नको सर,” ती म्हणाली. “आसत ते.”

तिने पान माझ्यासमोर उजेडात तिरकं धरलं. माझ्या लाल पंचवीसच्या खाली, सहीच्या शेपटाला लागून, शिसपेनीने मुंगीएवढं लिहिलं होतं, ३१. पुढच्या पानावर २९. त्याच्या पुढे ३०, ३३. एकही पान सुटलं नव्हतं.

“तुम्ही सही केल्यार मागीर मी लिहिलंय,” ती म्हणाली. “तुमकां राग येत म्हणून बारीक.”